बूट परत घेताना पोच द्या: कोल्हापुरातल्या पादत्राणे विक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि उपनगरांतले सर्व पादत्राणे विक्रेते

मंडळी, नमस्कार.

तुमच्यातले जुने लोक मला ओळखतात. पादत्राणांच्या एका घाऊक पेढीवर मी निम्मं आयुष्य दिवाणजी म्हणून काढलं. खराब निघालेले जोड दुकानातून पेढीवर येणं, पेढीवरून कंपनीकडे जाणं, कंपनीनं क्लेम मंजूर करणं किंवा ‘वापरामुळे झालेली झीज’ असं लिहून परत पाठवणं, हे सगळं माझ्या वहीतून गेलंय. म्हणून हे पत्र ग्राहकाच्या बाजूनं लिहीत असलो तरी गल्ल्याच्या आतल्या बाजूला काय चालतं हे मला ठाऊक आहे. दुकानदारानं ग्राहकाला पैसे दिले आणि नंतर कंपनीनं क्लेम नाकारला, तर भुर्दंड दुकानदारालाच. त्यामुळे खराब जोड आला की ‘ठेवून जावा, कंपनीकडं पाठवतो’ असं म्हणायची सवय लागते. त्या ‘ठेवून जावा’ बद्दलच मला बोलायचंय.

गोष्ट माझ्या भाच्याची आहे. पोरगा शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. दिवसभर उभ्याचं काम, म्हणून त्यानं जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी चांगले राखाडी रंगाचे जाड सोलचे बूट घेतले, २,७९९ रुपयांचे. दुकानाचं नाव लिहीत नाही; माझं भांडण एका दुकानाशी नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात उजव्या पायाच्या टाचेखाली त्याला मऊ लागायला लागलं. नंतर चालताना घरात काळसर चुरा पडायला लागला. आमच्या ताईला वाटलं पोरगं कारखान्यातनं काहीतरी घेऊन येतंय. त्यानं बूट उलटा केला तर टाचेच्या जाड थराला आडवी भेग, आणि भेगेत बोट घातलं की वाळलेल्या पुरणासारखा भुगा. दुकानात जायच्या आधी तो कोपऱ्यावरच्या गटई स्टॉलवर गेला, शिवून होतंय का बघायला. तिथल्या काकांनी अंगठा दाबला, अंगठ्याला चिकटलेली भुकटी त्याला दाखवली आणि म्हणाले, “पेस्टिंग सुटलं असतं तर चिकटवून दिलं असतं. ह्यो सोलच मेलाय. ह्याला शिवायचं कशाला?” भाच्यानं त्या अंगठ्याचा आणि टाचेचा फोटो काढला आणि मित्रांना पाठवला, खाली चार शिव्या लिहून. पुढं हा फोटो कामाला येणार आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्या काकांचं निदान अचूक होतं आणि ते तुम्हा सगळ्यांना माहीत असायला हवं, म्हणून इथं जरा थांबतो. सोल खराब होण्याचे तीन प्रकार गल्ल्यावर येतात आणि तिन्ही वेगळे ओळखता येतात. झीज असेल तर खालची नक्षी घासलेली दिसते, बहुतेक टाचेच्या बाहेरच्या कडेला, आणि बूट किती वापरला ते त्यावरून कळतं. चिकटवण सुटलं असेल तर सोल आणि वरचा भाग सरळ वेगळे होतात. दोन्ही पृष्ठभाग शाबूत असतात, मधे गोंदाचा पापुद्रा दिसतो, आणि नीट साफ करून पुन्हा चिकटवता येतं. तिसरा प्रकार म्हणजे भुगा. हलक्या, जाड, फोमसारख्या सोलमध्ये बऱ्याचदा पॉलियुरेथेन असतं, ज्याला आपण पीयू म्हणतो. त्यातल्या काही जातींमध्ये हवेतला दमटपणा वर्षानुवर्षं शिरत राहिला की आतली रासायनिक साखळी पाण्यानं तुटत जाते. वरून सोल नव्यासारखा दिसतो, आतून मेलेला असतो. चार पावलं वजन पडलं की फुटतो. नक्षी तशीच्या तशी आणि मधला थर मात्र भुगा, असं दिसलं तर ती झीज नव्हे.

हे एका पावसात होत नाही. खोक्यात बंद, न वापरलेला जोडसुद्धा असाच मरतो. आपल्याकडचा पावसाळा, त्यात तळमजल्यावरची ओल धरलेली गोदामं, आणि माल वर्षानुवर्षं तिथंच पडलेला, म्हणजे पीयू सोलचं वाटोळंच. ईव्हीए नावाच्या फोमचं असं होत नाही, तो दबतो, पण भुगा होत नाही. त्यामुळे ‘पावसात वापरलासा न्हवं?’ हा प्रश्न पीयूच्या भुग्याला लागू पडत नाही. प्रश्न असा असतो की, हा जोड बनला कधी?

भाचा दुकानात गेला तेव्हा त्याला नेमका तोच प्रश्न विचारला गेला.

“दादा, पावसात वापरलासा न्हवं?”

“पावसाळ्यात घेतलेले बूट पावसातच वापरणार की, शेठ.”

“मग वॉरंटीत बसत न्हाई. तरी ठेवून जावा, कंपनीकडं पाठवतो. आठ दिवसांत फोन येईल.”

भाच्यानं पिशवीतला जोड गल्ल्यावर ठेवला, काउंटरवरच्या पोरानं तो खाली सरकवला आणि भाचा घरी आला. पोच नाही, चिठ्ठी नाही. कोल्हापुरात हे असंच चालतं, ओळखीचं दुकान म्हणून. माणूस खोटं बोलणार नाही याची खात्री असते, आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते.

फोन आला नाही. भाचा फोन करायचा तेव्हा ‘पाठवलंय’, ‘येईल’, ‘सेल्समन आला न्हाई’ असं व्हायचं. गणपती झाले आणि काउंटरवरचा पोरगा नोकरी सोडून गेला. त्यानंतर भाचा गेला तर नव्या पोरानं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, “कुठलं बूट?”

तेव्हा तो माझ्याकडे आला. मी पहिला प्रश्न विचारला, “पोच कुठाय?” तो म्हणाला, “पोच कशाची मामा, ओळखीचं दुकान हाय.” मग त्याला समोर बसवून मी काय झालंय ते सांगितलं. खराब वस्तूबद्दलच्या भांडणात सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ती वस्तू. तो पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं समोरच्या पार्टीच्या ताब्यात दिला होता, आणि दिल्याचा कागद घेतला नव्हता. जिल्हा ग्राहक आयोगात गेलं असतं आणि दोष प्रयोगशाळेतून तपासायची वेळ आली असती, तर कायद्यात त्याची सोय आहे: आयोग नमुना सीलबंद करून मान्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, प्रयोगशाळेनं ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पण पाठवायला बूट तर हवा. तो दुकानाच्या कुठल्या फळीवर आहे, कंपनीत आहे की कचऱ्यात गेलाय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

बिल विचारलं तर त्यानं फोन काढला आणि मागच्या पारदर्शक कव्हरमधून एक कोरा कागद बाहेर ओढला. कोरा म्हणजे अगदी पांढराशुभ्र. एका कोपऱ्यात दुकानाच्या नावाचं अर्धं अक्षर राहिलं होतं. तुमच्या मशीनमधून निघणारा बिलाचा कागद थर्मल असतो. त्यावर शाई नसते, उष्णतेनं कागदच काळा पडतो. ऊन, फोनची गरमी आणि प्लास्टिक यांच्या सोबतीनं तीच अक्षरं उडून जातात. लॅमिनेशन करायला गेलात तर मशीनच्या गरमीनं अख्खा कागद काळाठिक्कर होतो, तोही अनुभव लोक घेतात. असं बिल साध्या कागदी पाकिटात ठेवायचं आणि घेतल्या दिवशीच त्याची झेरॉक्स आणि फोटो काढायचा. तुम्ही लोकांनी बिलाच्या पाठीवर एवढंच छापलं तरी बरेच वाद वाचतील.

मग आम्ही उरलेलं गोळा करायला बसलो. त्यातून भाच्याला जे शिकायला मिळालं ते असं की, प्रत्येक पुरावा फक्त एकच गोष्ट सांगतो, आणि दोन पुराव्यांमधला सांधा नसेल तर दोन्ही अर्धे पडतात.

पैसे यूपीआयनं दिले होते. ॲपमध्ये तारीख, रक्कम आणि १२ आकडी संदर्भ क्रमांक होता. पण पैसे ज्या नावावर गेले ते दुकानाचं नव्हतं, मालकाच्या आईचं होतं. आणि त्यात कुठंही ‘बूट’ असं लिहिलेलं नसतं. म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा झाला, कशाचे दिले त्याचा नाही. त्यासाठी फोनमधले जाहिरातींचे मेसेज उपसले, तेव्हा त्या दिवशीचा दुकानाचा मेसेज सापडला: बिल क्रमांक, रक्कम, ‘आपले आभार’. दुकानांनी मोबाईल नंबर मागितला की लोक कुरकुरतात. इथं त्या नंबरानंच वाचवलं. रक्कम दोन्हीकडे तीच, तारीख तीच. विकत घेतल्याचं पक्कं झालं.

खोकं ताईकडे निघालं. तिनं त्यात दिवाळीच्या पणत्या भरून माळ्यावर ठेवलं होतं. मंडळी, खोक्याला लोक कचरा समजतात, पण पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना आणि वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणं वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. पणत्या बाजूला काढून आम्ही लेबल वाचलं. आर्टिकल नंबर, साईज ८, आणि महिना चार वर्षांपूर्वीचा मे. पोरानं जूनमध्ये नवा म्हणून घेतलेला जोड चार पावसाळे पाहून आला होता. टाचेतल्या भुग्याचं कारण तिथंच सापडलं.

आता फोटो. गटई स्टॉलवरच्या फोटोत भुगा स्पष्ट दिसत होता, खालची नक्षी न झिजलेली दिसत होती, आणि मूळ फोटो गॅलरीत असल्यानं तारीख-वेळही होती. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती गळून जाते आणि चित्रही दाबलं जातं; पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा आणि मूळ फोटो कधी पुसू नये. पण या फोटोतली खोट अशी होती की, तो कुठल्या जोडाचा ते त्यावरून कळत नव्हतं. जिभेच्या आतल्या बाजूला आर्टिकल नंबर आणि साईजचं छोटं लेबल असतं, ते त्यात नव्हतं. दुसऱ्या पायाचा बूटही नव्हता. डाव्या टाचेतही तीच भेग पडायला लागली होती असं भाचा सांगतो, आणि ते दिसलं असतं तर फार मोठी गोष्ट झाली असती, कारण दगड लागला, खड्ड्यात पाय गेला तर एकच बूट फुटतो. दोन्ही एकाच जागी फुटले तर दोष मालाचा. एक फोटो असा हवा होता की ज्यात जोड, जिभेचं लेबल, खोक्याचं लेबल आणि बिल हे सगळं एकत्र दिसेल. तो काढायला मिनिटसुद्धा लागलं नसतं.

सगळ्यात मोठं भोक मात्र जोड दिल्याचं होतं. फोन केले होते, पण फोनची यादी एवढंच सांगते की बोलणं झालं; काय बोलणं झालं ते सांगत नाही. भाचा तावातावानं म्हणाला, “उद्या जाऊन राडाच घालतो.” मी म्हटलं, घाल, मग ते म्हणतील की हा माणूस भांडायला आला होता आणि याचे बूट आमच्याकडे कधी आलेच नाहीत. त्यापेक्षा दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरला एक मेसेज टाक. आरोप करू नको. तारीख विचार. त्यानं लिहिलं:

“शेठ नमस्कार. जुलैत दुकानात दिलेले राखाडी बूट, साईज ८, टाचेचा सोल फुटलेला. तुम्ही कंपनीकडे पाठवतो म्हणाला होता. कधीपर्यंत येतील?”

संध्याकाळी उत्तर आलं: “कंपनीतच आहे. पुढच्या आठवड्यात बघतो.”

एवढंच. पण या एका ओळीत जोड दुकानाला मिळाल्याची, तक्रार कशाची होती त्याची आणि तो ग्राहकाला अजून परत दिलेला नाही याची कबुली आहे. भांडून कुणी लिहून देत नाही, पण ‘कधी?’ विचारलं की माणूस सवयीनं उत्तर देतो. तेव्हापासून भाचा प्रत्येक फोननंतर लगेच दोन ओळी लिहायचा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्ही सोमवारपर्यंत सांगणार आहात.’ समोरून उत्तर आलं नाही तरी निळ्या खुणा दिसतात. स्क्रीनशॉटवर न थांबता त्यानं पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवली, कारण फोन बदलला की अशा गोष्टी जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडायची तरतूद आहे. ग्राहक आयोगाचं काम मुख्यतः प्रतिज्ञापत्रावर आणि कागदपत्रांवर चालतं, तरी मूळ मेसेज ज्या फोनवर आला तो फोन जपून ठेवलेला बरा.

आठवडा गेला, आणखी एक गेला. मग पत्र लिहिलं. एकच पान, आरडाओरडा नाही: केव्हा घेतला, काय झालं, केव्हा परत दिला, दुकानाचा मेसेज काय, खोक्यावर बनवल्याचा महिना कोणता, आणि १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत मिळावी. सगळ्याच्या झेरॉक्स जोडल्या, मूळ कागद एकही नाही. एक प्रत दुकानाला, एक खोक्यावरच्या कंपनीच्या पत्त्यावर, दोन्ही स्पीड पोस्टनं. ट्रॅकिंगवर ‘पोचलं’ असं दिसताच ते पान छापून घेतलं, कारण काही काळानं ते संकेतस्थळावर दिसेनासं होतं. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. हेल्पलाईन म्हणजे कोर्ट नव्हे, ती कुणाला हुकूम देऊ शकत नाही. तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. पण कंपनीचा माणूस अशा तक्रारीनंतर दुकानात फोन करतो, आणि दुकानदाराला जे ग्राहकाचं ऐकू येत नव्हतं ते कंपनीचं ऐकू येतं. हे मी पेढीवर बसून अनेकदा पाहिलंय.

तसंच झालं. दुकानातून बोलावणं आलं. आधी क्रेडिट नोट पुढं केली, तीन महिन्यांत दुकानातलंच काहीतरी घ्यायचं. भाच्यानं नम्रपणे नको म्हटलं. मग रक्कम यूपीआयनं परत आली, आणि ‘काही तक्रार उरली नाही’ अशा कागदावर सही मागितली. त्यानं सही केली, पण आधी त्यावर बिल क्रमांक आणि मिळालेली रक्कम लिहून घेतली आणि फोटो काढला. मालक शेवटी बरं वागले, चहा पाजला. जोडाचं काय झालं ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

आता कायद्याचं थोडं, कारण तुमच्यातल्या बऱ्याच दुकानांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी अजून आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २ (४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं ते दिलंय. बिल न देणं त्यात आहे. आणि सदोष माल परत घ्यायला व पैसे द्यायला बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं हेही त्यात आहे. शब्द ‘सदोष’ आहे हे ध्यानात घ्या. घरी जाऊन रंग आवडला नाही, बायकोनं नावं ठेवली, पुण्यात स्वस्त मिळाला, यासाठी हे कलम नाही. तिथं तुमची पाटी आणि तुमचा चांगुलपणा चालतो. पण टाचेचा भुगा झाला असेल तर पाटी दाखवून भागत नाही. आणि ग्राहक आयोगात गेला तर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि तो जिथं राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. तुम्हाला नोटीस मिळाली की उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. तिथं आपल्या बाजूनं काय दाखवाल? तुमच्याकडेही जोड नसेल, नोंद नसेल, आणि काउंटरवरचा पोरगा नोकरी सोडून गेलेला असेल.

कारण पोच न देण्यात नुकसान दोघांचं आहे. ३० दिवसांचा हिशेब लावायचा तर जोड कुठल्या तारखेला आला ते कळायला हवं. ग्राहक म्हणेल जुलै, तुम्ही म्हणाल सप्टेंबर. कागद कुणाकडेच नाही. उलटही होतं. भरपूर वापरून झिजवलेला जोड आणून ‘मी दिला तेव्हा नवा होता’ म्हणणारे महाभागही मी पाहिलेत. घेतानाच स्थिती लिहिली असती तर त्यांचं काही चाललं नसतं.

म्हणून मागणं एवढंच. परतीसाठी जोड हातात घेतला की दुहेरी प्रतीच्या छापील पुस्तकात नोंद करा आणि वरची प्रत ग्राहकाला द्या. तारीख, बिल क्रमांक, जिभेवरचा आर्टिकल नंबर, साईज, एक बूट की जोड, खोकं आहे की नाही. तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहा. ‘सोल खराब’ असं लिहू नका, ‘दोन्ही टाचांना आडवी भेग, आतून भुगा, खालची नक्षी शाबूत’ असं लिहा. घेणाऱ्याचं नाव, सही, शिक्का. कंपनीकडे कधी पाठवला ती तारीख नंतर तुमच्या प्रतीवर टाका. यानं तुमचा क्लेमही मजबूत होतो. पेढीवर मी पाहिलंय, नीट वर्णन आणि फोटो असलेला क्लेम सेल्समनला सहज नाकारता येत नाही. ‘डिफेक्टिव्ह, १ जोड’ एवढंच लिहिलेले क्लेम महिनोन्महिने पडून राहायचे. पोच दिल्यानं दोष कबूल केला असं होत नाही; तरी तशी भीती वाटत असेल तर खाली छापा: ‘तपासणीसाठी स्वीकारला.’ बास.

भाचा आता जरा जास्तच सावध झालाय. परवा ताईला मिक्सर आणला तर दुकानातच बिलाचा आणि सिरीयल नंबरचा फोटो काढला, खोक्यावर तारीख लिहिली, आणि माळ्यावर पणत्यांसाठी वेगळा डबा आणून दिला. लॉन्ड्रीवाल्याकडेही पोच मागतो, तो हसतो आणि देतो. दुकानात बूट बघताना आधी खोकं उलटं करून महिना वाचतो. सोबतचे मित्रही तेच करायला लागलेत, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला आता काउंटरवर ऐकू येणारच.

आणि त्यासाठी एक काम लांबवू नका. पुढचा पावसाळा लागायच्या आत गोदामातले खोके खाली काढा आणि लेबलावरचे महिने वाचा. जाड पीयू सोलचे जुने जोड बाजूला काढून प्रत्येकाच्या टाचेत अंगठा जोरात रोवा. भेग पडली, बोटाला चिकटपणा किंवा भुकटी लागली, तर तो जोड सेलच्या टेबलावर लावू नका. कंपनीच्या माणसाला बोलावून दाखवा आणि त्याच्याकडून त्याची पोच घ्या.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
मंगळवार पेठ, कोल्हापूर